कर्केचा अष्टम शनी आणि वहिनींच्या दिनदर्शिका

साडेसाती म्हणजे काय, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. जन्मराशीच्या मागच्या, प्रत्यक्ष जन्मराशीच्या आणि पुढच्या राशीत शनी असताना जी सुमारे साडेसात वर्षे जातात, ती साडेसाती. तिची सुरुवात, मध्य आणि शेवट घरोघरी मोजला जातो. अष्टम शनी आणि कंटक शनी यांच्याबद्दल मात्र माहिती कमी आणि धास्ती जास्त, अशी स्थिती मी नागपुरात गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे. जन्मचंद्रापासून आठव्या राशीत शनी आला की तो अष्टम शनी. चौथ्या, सातव्या किंवा दहाव्या राशीत आला की कंटक शनी. काही ग्रंथकार कंटकात पहिले स्थानही धरतात. पण ते साडेसातीतच येत असल्यामुळे व्यवहारात वेगळे सांगितले जात नाही. उत्तरेकडची ‘ढैया’ फक्त चौथ्या आणि आठव्या शनीला लागते, आणि हिंदी मुलुखाला लागून असलेल्या आमच्या शहरात दोन्ही परिभाषा एकाच घरात नांदतात. त्यामुळे सातव्या शनीला एक गुरुजी कंटक म्हणून शांती सांगतात, तर दुसरे ‘काहीच नाही’ म्हणून मोकळे होतात.

या नावांनी घाबरून जाण्यापूर्वी एक साधी मोजणी करावी, असे मला वाटते. सध्या शनी मीन राशीत आहे. कुंभ, मीन आणि मेष या तीन राशींना साडेसाती आहे. सिंहेला तो आठवा, धनूला चौथा, कन्येला सातवा आणि मिथुनेला दहावा. म्हणजे बारांपैकी सात राशींवर या क्षणी कोणता ना कोणता शिक्का आहेच, आणि शनी कोणत्याही राशीत असला तरी हे गणित सातच राहते. उरलेल्या पाचांतही गोचर, म्हणजे सध्या राशींतून फिरणारा, शनी शुभ मानला जातो तो फक्त तिसरा, सहावा आणि अकरावा, म्हणजे आज मकर, तूळ आणि वृषभ या तीन राशींना. पाचवा आणि नववा शनीही शास्त्राने चांगला म्हटलेला नाही, फक्त त्यांना धास्ती वाटावी असे नाव मिळालेले नाही. निम्म्याहून अधिक माणसांना एकाच वेळी लागू पडणाऱ्या शिक्क्यावरून एका माणसाचे काही ठरवायचे असेल, तर त्या शिक्क्याच्या आत शिरून पाहावे लागते. हे पाहणे कसे असते, ते मी माझ्या थोरल्या वहिनींच्या पत्रिकेवरून सांगतो. त्यांची राशी कर्क आहे, त्यांचा अष्टम शनी पूर्ण होऊन गेला आहे आणि या काळाच्या नोंदी त्यांच्या स्वतःच्या हातच्या आहेत.

कर्क राशीच्या बाबतीत एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. सातवा आणि आठवा हे सलग येतात, त्यामुळे सप्तमातला कंटक आणि त्यामागून येणारा अष्टम असा पाच वर्षांचा एकच पट्टा तयार होतो. बहुतेक पंचांगे मानतात त्या, चित्रा नक्षत्राला धरून राशी मोजणाऱ्या चित्रापक्षीय गणिताने शनी २४ जानेवारी २०२० रोजी मकरेत आला, तेव्हा कर्केचा कंटक सुरू झाला. २९ एप्रिल २०२२ रोजी तो कुंभेत गेला आणि अष्टम लागला. पण वक्री होऊन १२ जुलै २०२२ रोजी तो पुन्हा मकरेत आला, म्हणजे अष्टम थांबून कंटक परत सुरू झाला. १७ जानेवारी २०२३ रोजी तो कायमचा कुंभेत गेला आणि २९ मार्च २०२५ च्या रात्री, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, मीनेत शिरला. ‘अडीच वर्षे’ हा शब्द सरासरीचा आहे. प्रत्यक्षात वक्री गतीमुळे असे तुकडे पडतात, आणि तुकडा न पाहता केलेले भाकीत पंचांगाशीच जुळत नाही. रेवती नक्षत्राला धरून राशी मोजणाऱ्या, म्हणजे रैवतपक्षीय, टिळक पंचांगात अयनांश, म्हणजे राशिचक्राचा आरंभ ठरवणारे अंतर, सुमारे चार अंशांनी कमी असतात, त्यामुळे हेच राशिप्रवेश काही महिने आधी येतात. ज्यांचा चंद्र राशीच्या शेवटच्या तीन-चार अंशांत आहे, त्यांची तर त्या गणिताने राशीच बदलते. पत्रिका आणि गोचर एकाच पक्षाने मांडावे, हा नियम म्हणून पाळावाच लागतो.

वहिनींचा जन्म १९७२ सालच्या पौष पौर्णिमेचा, सकाळी नऊच्या सुमाराचा, नागपूरचा. लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी राशी, कुंभ; लग्नी शुक्र. चंद्र कर्केत बारा अंशांवर, पुष्य नक्षत्रात. रवी आणि बुध मकरेत, मंगळ मीनेच्या अगदी शेवटी, गुरू धनूत आणि शनी वृषभेत. कर्केला सातवी मकर आणि आठवी कुंभ या दोन्ही शनीच्या स्वतःच्या राशी आहेत, म्हणून कर्केचा कंटक आणि अष्टम हे दोन्ही स्वगृहीच्या शनीचे असतात. त्यातही वहिनींचे लग्नच कुंभ, म्हणजे जो शनी चंद्रापासून आठवा तोच लग्नाचा स्वामी होऊन लग्नातून चालला होता. याच्या उलट २०२७ च्या जूनमध्ये कन्या राशीला अष्टम लागेल तो मेषेतल्या, म्हणजे नीच राशीतल्या शनीचा. दोन्हींचे नाव एक आणि राशिभविष्याच्या सदरातली वाक्येही बहुधा एकच असतील; पण पत्रिका पाहणाऱ्याने ही दोन प्रकरणे एका मापाने मोजू नयेत.

मापासाठी शास्त्राने दिलेले साधन म्हणजे अष्टकवर्ग. सात ग्रह आणि लग्न असे आठ जण आपापल्या जन्मस्थानापासून ठरावीक घरांना शनीसाठी शुभ बिंदू देतात. उदाहरणार्थ, चंद्र फक्त तिसऱ्या, सहाव्या आणि अकराव्या घराला देतो. रवी पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, आठव्या, दहाव्या आणि अकराव्याला देतो. एका राशीला जास्तीत जास्त आठ बिंदू मिळू शकतात. शनीचे बाराही राशींतले बिंदू मिळून प्रत्येक पत्रिकेत एकोणचाळीसच होतात, म्हणजे सरासरी एका राशीला सव्वातीन. मंगळ सोडला तर इतर ग्रहांच्या तुलनेत ही बेरीज कमी आहे. रवीची अठ्ठेचाळीस होते आणि गुरूची छप्पन्न. म्हणून शनीच्या गोचरात चार बिंदू चांगले, तीन मध्यम आणि एक-दोन दुर्बळ, असे धरणे मला योग्य वाटते.

वहिनींच्या पत्रिकेत कुंभेला कोण काय देते, ते पाहू. रवी मकरेत, त्याला कुंभ दुसरी, म्हणून त्याचा एक बिंदू. मंगळ मीनेत, त्याला कुंभ बारावी, तो बाराव्याला देतो, म्हणून आणखी एक. लग्न स्वतः कुंभ आणि ते पहिल्याला देते, म्हणून तिसरा. चंद्र आठव्याला देत नाही, हे उघडच आहे. तो देत नाही म्हणूनच तर आपण त्याला अष्टमाची धास्ती म्हणतो. बुध, गुरू, शुक्र आणि शनी यांच्याकडूनही काही मिळत नाही. एकूण तीन. मकरेलाही याच रीतीने रवी, मंगळ आणि शुक्राचे मिळून तीनच बिंदू येतात. म्हणजे कंटक आणि अष्टम, दोन्हींचे बळ सारखेच आणि मध्यम. ज्या अष्टमाला घरातले सगळे घाबरून होते, तो या मोजणीत सरासरीच्या किंचित खाली होता, इतकेच.

पण हे तीन बिंदू राशीत सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, आणि मला या विषयात सर्वांत जास्त रस आहे तो इथे. राशीच्या तीस अंशांचे आठ भाग करायचे, प्रत्येक भाग पावणेचार अंशांचा. या भागांना कक्षा म्हणतात, आणि त्यांचे स्वामी क्रमाने शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र आणि लग्न असे असतात. ज्या ग्रहाने त्या राशीला बिंदू दिला असेल, त्याच्या कक्षेतून जाताना गोचर सौम्य. ज्याने दिला नसेल, त्याच्या कक्षेतून जाताना रिकामे. वहिनींना मंगळ आणि रवी यांचे बिंदू होते, म्हणून साडेसात ते पंधरा अंश हा सलग पट्टा सौम्य. लग्नाचा बिंदू होता, म्हणून सव्वासव्वीस ते तीस अंश हाही सौम्य. राशीच्या आरंभीचे साडेसात अंश रिकामे, आणि पंधरा ते सव्वासव्वीस हा मोठा टापू रिकामा.

आता याला तारखा लावू. १७ जानेवारी २०२३ पासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पहिला रिकामा भाग होता. मग फेब्रुवारी २०२४ च्या अखेरपर्यंत शनी साडेसात ते पंधरा अंशांत पुढेमागे होत राहिला; फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये वक्री गतीने तो सहा अंशांपर्यंत मागे येऊन गेला. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरपासून फेब्रुवारी २०२५ च्या अखेरपर्यंत, म्हणजे जवळजवळ पूर्ण वर्ष, तो रिकाम्या टापूत होता. शेवटचा महिना पुन्हा सौम्य. शनी आणि चंद्र हे आपले फळ राशीच्या शेवटच्या भागात देतात, असेही ग्रंथांत म्हटले आहे. तो नियम लावला तरी बोट २०२४ वरच येऊन थांबते. याउलट शनी चंद्राच्या नेमक्या अंशावर, म्हणजे कुंभेच्या बारा अंशांवर, मे २०२३, जुलै २०२३ आणि जानेवारी २०२४ असा तीन वेळा आला. अनेक जण या अंशात्मक योगाला सर्वांत तीव्र मानतात. इथे तो रवीच्या सौम्य कक्षेत पडत होता. दोन नियम दोन वेगळ्या वर्षांकडे बोट दाखवत असल्यामुळे ही पत्रिका पडताळून पाहण्यासारखी होती.

पडताळ्याचे साधन वहिनींच्या स्वयंपाकघरात होते. त्या दरवर्षीची भिंतीवरची दिनदर्शिका जपून ठेवतात आणि रोजच्या चौकोनात निळ्या पेनाने काहीतरी लिहितात. दुधाचा खाडा, सिलिंडर आल्याची तारीख, कोणाचा फोन, कोणते दुखणे. फळ पाहून लिहिलेली ही टिपणे नव्हती, आणि म्हणूनच मला ती मोलाची वाटली. सहा वर्षांच्या सहा दिनदर्शिका त्यांनी जुन्या ट्रंकेतून काढून दिल्या. २०२१ च्या पानांवर हळदीचा डाग होता आणि एप्रिलचे पान जवळजवळ कोरे होते.

त्या कोऱ्या पानाबद्दल आधी लिहायला हवे. एप्रिल २०२१ मध्ये वहिनींचे वडील गेले. शनी तेव्हा मकरेत, कंटक चालू. पाहणारा सहज म्हणेल की कंटकाने पितृवियोग दिला. पण त्या एप्रिलमध्ये नागपुरात दुसरी लाट किती भीषण होती, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. खाटांसाठी आणि प्राणवायूसाठी धावाधाव करणाऱ्या घरांत बाराही राशींची माणसे होती. ज्या दुःखाने सगळ्या शहराला गाठले, ते एका राशीच्या गोचराच्या नावावर मांडणे मला मान्य नाही. पडताळ्यातून मी ती घटना बाजूला ठेवली.

मग उरले ते असे. मे २०२२, म्हणजे अष्टमाच्या पहिल्या, तीन महिन्यांहूनही लहान तुकड्यात, नागपूरच्या महाल भागातल्या वडिलोपार्जित घराच्या वाटणीचा विषय पहिल्यांदा निघाल्याची नोंद आहे: ‘दादाचे पत्र आले’. जुलैनंतर त्याबद्दल एक शब्द नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये, पहिल्या रिकाम्या भागात, आखीव पत्रिकेतल्या, म्हणजे घराच्या जागेच्या सरकारी नोंदीतल्या, वडिलांच्या नावात चूक निघाली आणि विषय पुन्हा उभा राहिला. राशीत जाऊन परत फिरलेला शनी आपला विषय आधी दाखवून जातो, असे जुने जाणकार सांगतात. त्या सांगण्याला इथे आधार मिळाला.

मे आणि जुलै २०२३, जिथे अंशात्मक योगामुळे सर्वांत वाईट काही व्हायला हवे होते, तिथे पापड, कुरडया, मुलीला पुण्यात नोकरी लागल्याचा फोन आणि पावसात गळणारी गच्ची एवढेच आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या वक्री तुकड्यात, जो कक्षेने रिकामा होता, दिवाळी नेहमीसारखी झाली. तिथे कक्षेचा नियम जुळला नाही, हेही नोंदवले पाहिजे. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीपासून मात्र लिखाणाचा सूर बदलतो. ‘उजवा खांदा’ हे शब्द मार्चमध्ये पहिल्यांदा येतात आणि पुढे जवळजवळ प्रत्येक आठवड्यात येतात. हात वर जाईना, रात्री झोप लागेना, व्यायामाचे उपचार लांबत गेले. त्याच महिन्यांत ‘तारीख’, ‘पुढची तारीख’, ‘दादा बोलला नाही’ अशा नोंदी आहेत. लग्नातून जाणारा आठवा शनी, म्हणजे शरीर आणि वारसा, हे दोन्ही विषय एकाच वर्षात आले. मार्च २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात, शेवटच्या सौम्य कक्षेत, भावाने संमतीपत्रावर सही केली.

हे सगळे शनीच्याच खाती टाकता येत नाही. दशा म्हणजे जन्मनक्षत्रावरून क्रमाने येणारे एकेका ग्रहाचे कालखंड. जन्मनक्षत्र पुष्य, म्हणून वहिनींची जन्मदशा शनीची. ती, बुध, केतू आणि मग शुक्राची वीस वर्षे संपून सप्टेंबर २०२२ च्या सुमारास रवीची महादशा सुरू झाली. कुंभ लग्नाला शुक्र चौथ्या आणि नवव्याचा स्वामी, योगकारक, आणि तो लग्नी बसलेला. ती दशा जाऊन बाराव्यात बसलेल्या, सातव्याचा स्वामी असलेल्या रवीची दशा येणे, हाच या काळातला खरा मोठा बदल होता. दशेने दिलेल्या चौकटीतच गोचर फळ देते, हे सूत्र सर्वांना पाठ असते. पण अष्टम शनी म्हटला की सगळे ते विसरतात. शुक्राच्या दशेतले कंटकाचे पहिले पर्व वडिलांचा वियोग सोडला तर निभावले, आणि तेवढ्याच बिंदूंचा अष्टम रवीच्या दशेत जड गेला. या फरकाचे कारण मला राशीच्या क्रमांकात दिसत नाही, दशेत दिसते.

खांद्याबाबत एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. अष्टमात औषध लागू पडत नाही, असे कोणीतरी सांगितल्यामुळे वहिनींनी पहिले दोन महिने डॉक्टरांकडे जाणे टाळले आणि शनिवारी तेल वाहत राहिल्या. तेल वाहण्याला माझी हरकत नाही. मी स्वतः शनिवारी मारुतीला जातो. पण गोचरात असा निषेध कुठेही नाही. आखडलेला खांदा वेळेत हलता ठेवला नाही तर अधिक आखडतो, हे शनी कोणत्या राशीत आहे यावर अवलंबून नसते. कालावधी सांगणे हे ज्योतिषाचे काम. त्या कालावधीत उपचार थांबवायला सांगणे हे काम नव्हे.

पाडव्याच्या दिवशी त्यांनी गुढीला नमस्कार करून विचारले, “आता तरी सुटली नं मी, भाऊजी?”

“अष्टमातून सुटलात, वहिनी. पण मला मीनेचे बिंदू पाहू द्या,” मी म्हणालो.

मीनेतला शनी कर्केला नववा. ना साडेसाती, ना अष्टम, ना कंटक. राशिभविष्यांतून कर्क राशीचे अभिनंदन चालले होते. पण वहिनींच्या पत्रिकेत मीनेला रवी देत नाही, चंद्र देत नाही, मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि लग्न यांपैकी कोणीच देत नाही. वृषभेतल्या शनीला मीन अकरावी, म्हणून त्याचा स्वतःचा एक बिंदू, तेवढाच. तीन बिंदूंच्या अष्टमातून निघून त्या एका बिंदूच्या राशीत आल्या होत्या. हा एक बिंदू शनीचा, म्हणून तो पहिल्या कक्षेत, म्हणजे मीनेच्या पावणेचार अंशांपर्यंतच. तिथे शनी एप्रिल २०२५ अखेरपर्यंत होता. मग वक्री होऊन सप्टेंबरच्या शेवटी तो परत त्या कक्षेत आला, नोव्हेंबरच्या अखेरीस मीनेच्या पहिल्या अंशातच मार्गी झाला आणि जानेवारी २०२६ च्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत तिथे राहिला. त्यापुढे मीन संपेपर्यंत सगळे रिकामे.

हे मी त्यांना तसेच सांगितले, आणि घराच्या वाटणीपत्राची नोंदणी दसरा ते मकरसंक्रांत या दरम्यान उरकून घ्या, असे सुचवले. डिसेंबरमध्ये ती झाली. सही करताना हात वर उचलावा लागत नाही म्हणून बरे, असे म्हणून त्या हसल्या. खांदा तोवर बराच सुटला होता.

३ जून २०२७ रोजी शनी मेषेत जाईल. तिथून तो वक्री होऊन २० ऑक्टोबरला मीनेत परतेल आणि २३ फेब्रुवारी २०२८ पासून मेषेत स्थिर होईल. कर्केला तो दहावा, म्हणजे पुन्हा कंटक, आणि तोही नीच राशीचा. त्या वेळी घरात पुन्हा शांतीची चर्चा निघेल, हे मला ठाऊक आहे. वहिनींच्या पत्रिकेत मेषेला मकरेतला रवी, धनूतला गुरू आणि कुंभ लग्न असे तिघे बिंदू देतात: गुरूची कक्षा पावणेचार ते साडेसात अंश, रवीची सव्वाअकरा ते पंधरा आणि लग्नाची शेवटची. नीचत्वाची वजावट करूनही तो कंटक मीनेतल्या या बिननावाच्या काळापेक्षा बरा ठरावा, असा माझा अंदाज आहे, आणि तो मी त्यांच्या २०२७ च्या दिनदर्शिकेच्या पहिल्या पानावर आधीच लिहून ठेवणार आहे.